कंटेनर कंपालाचा, बंदर मोंबासाचं, मग जकात कुणाची?

न्हावाशेवाहून पूर्व आफ्रिकेला माल पाठवणाऱ्यांच्या कागदपत्रांत एक ओळ असते, आणि ती विसरली की महागात पडते. बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाज कंपनीनं दिलेल्या मालाच्या पावतीवर, उतरवण्याचं बंदर म्हणून मोंबासा लिहायचं आणि त्याखाली स्वच्छ लिहायचं, ‘कार्गो इन ट्रान्झिट टू कंपाला, युगांडा’. आमच्या कचेरीत एका नव्या पोराकडून ही ओळ राहून गेली होती. माल युगांडाच्या गिऱ्हाइकाचा, पण बंदराच्या दप्तरी तो केनियाची आयात म्हणून नोंदला गेला. मग मॅनिफेस्ट, म्हणजे जहाजावरच्या मालाची यादी, दुरुस्त करून घ्या, दंड भरा आणि तोवर यार्डात पडलेल्या कंटेनरचं भाडंही सोसा. पोराला बोललो, पण नंतर वाटलं की त्याचा प्रश्न काही चुकीचा नव्हता. तो म्हणाला होता, “साहेब, केनिया आणि युगांडा एकाच गटात आहेत ना? मग माल कुणाचा, याला काय महत्त्व?”

प्रश्न साधा आहे, उत्तर मात्र लांबचं आहे. व्यापारी गट म्हणजे काय, तो कागदावर कसा असतो आणि रस्त्यावर कसा असतो, हे त्या एका ओळीतून उलगडत जातं.

केनिया, युगांडा, टांझानिया, रवांडा, बुरुंडी, दक्षिण सुदान, काँगो आणि सोमालिया हे आठ देश आज पूर्व आफ्रिकी समुदायात आहेत. मुख्यालय टांझानियातल्या अरुशा गावी. आठांपैकी युगांडा, रवांडा, बुरुंडी आणि दक्षिण सुदान या चौघांना समुद्रच नाही. काँगोला अटलांटिकचा चिंचोळा किनारा आहे, पण त्याच्या पूर्वेकडच्या शहरांना तो इतका लांब पडतो की त्यांचाही बराच माल हिंदी महासागरावरूनच येतो. म्हणजे या गटातल्या निम्म्या घरांना रस्त्यावर दार नाही. शेजाऱ्याच्या ओट्यावरूनच आत-बाहेर करायचं. हे डोक्यात ठेवलं की गटाचे नियम असे का आहेत ते कळायला लागतं.

आधी दोन शब्दांतला फरक समजून घेऊ, कारण वर्तमानपत्रंसुद्धा ते सर्रास एकाच अर्थानं वापरतात. मुक्त व्यापार करार म्हणजे आपापसांतल्या मालावर कर नाही, पण बाहेरच्या मालावर किती कर लावायचा हे ज्याचं त्यानं ठरवायचं. सीमाशुल्क संघ ही पुढची पायरी. आपापसांत कर नाहीच, शिवाय बाहेरच्या जगासाठी सगळ्यांचा दर एकच.

पहिल्या प्रकारात एक भोक राहतं. भारत आणि श्रीलंका यांचा मुक्त व्यापार करार २००० साली लागू झाला तेव्हा ते आपल्याला चांगलंच कळलं. कच्च्या पामतेलावर भारतात कर जबर होता, श्रीलंकेत कमी. झालं, वनस्पती तुपाचे कारखाने श्रीलंकेत उभे राहिले. परदेशी पामतेल तिथं स्वस्तात उतरवायचं, त्याचं वनस्पती करायचं आणि कराराच्या सवलतीत भारतात पाठवायचं. शेवटी भारताला त्या आयातीवर मर्यादा घालावी लागली. बाहेरचा माल नेहमी सगळ्यात स्वस्त दारानंच आत शिरतो. म्हणून मुक्त व्यापार करारात प्रत्येक मालासोबत ‘हा खरोखर कुठं बनला’ याचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते तपासायला सीमेवर माणूस बसवावा लागतो.

सीमाशुल्क संघात बाहेरचं दार सगळ्यांचं सारखंच महाग, त्यामुळे स्वस्त दार शोधण्यात अर्थ उरत नाही. पूर्व आफ्रिकेनं हा मार्ग १ जानेवारी २००५ पासून धरला. कच्च्या मालावर शून्य, अर्धवट तयार मालावर १० टक्के, तयार मालावर २५ टक्के, अशी ढोबळ मांडणी. २०२२ मध्ये त्यात ३५ टक्क्यांचा चौथा टप्पा आला. दार समान झालं, पण त्यातून दुसरा, जास्त चिवट प्रश्न निघाला. दारावर गोळा होणारा पैसा कुणाचा?

आकड्यांत मांडून बघू. भिवंडीहून प्लॅस्टिकच्या घरगुती वस्तूंचा एक कंटेनर कंपालाला निघाला असं धरा. विमा आणि मोंबासापर्यंतचं जहाजभाडं मिळून माल ४०,००० डॉलरचा. २५ टक्के दरानं सीमाशुल्क झालं १०,००० डॉलर. त्यावर युगांडाचा १८ टक्के व्हॅट, तोही शुल्क धरून ५०,००० डॉलरवर, म्हणजे ९,००० डॉलर. इतर किरकोळ आकार बाजूला ठेवले तरी एका कंटेनरमागं १९,००० डॉलर सरकारी तिजोरीत जाणार. कुठल्या? समाईक दार मोंबासाला आहे आणि मोंबासा केनियात आहे. माल वापरणार कंपालाची गिऱ्हाइकं. शुल्क जर दारावर बसलेल्यानंच ठेवून घेतलं, तर समुद्र नसलेल्या देशांच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा आयतं बंदर लाभलेल्या शेजाऱ्याच्या घशात जाईल.

यावर जगात वेगवेगळे तोडगे निघाले. युरोपीय संघात रॉटरडॅमला उतरलेला माल जर्मनीत गेला तरी शुल्क नेदरलँड्स गोळा करतं. मात्र त्यातलं ७५ टक्के संघाच्या समाईक अंदाजपत्रकात जातं आणि वसुलीच्या खर्चापोटी २५ टक्के गोळा करणाऱ्याकडे राहतं. दक्षिण आफ्रिका आणि तिचे शेजारी यांचा संघ तर १९१० पासूनचा. तिथं सगळं शुल्क एका हंड्यात टाकून सूत्रानं वाटतात. लेसोथो हा देश चहूबाजूंनी दक्षिण आफ्रिकेनं वेढलेला आहे, त्याच्या सरकारचा संसार बराचसा त्या हंड्यातल्या वाट्यावर चालतो. समाईक हंडा चालवायला मात्र दोन गोष्टी लागतात, वाटणीच्या सूत्रावरचा विश्वास आणि वर बसलेली पुरेशी मजबूत यंत्रणा. पूर्व आफ्रिकेत दोन्ही तोकड्या होत्या. त्यांनी तिसरी वाट काढली. माल जिथं वापरला जाणार, शुल्क त्या देशाचं.

आपल्याला हे ओळखीचं वाटायला हवं. जीएसटीचं तत्त्व तेच आहे. माल जिथं खपतो त्या राज्याला कर, जिथं बनतो त्याला नाही. महाराष्ट्रासारखं कारखान्यांचं राज्य तेव्हा कुरकुरलं होतं आणि पाच वर्षांची भरपाई ठरली, ती याच मुद्द्यावर. मुलुंड आणि दहिसरच्या जकात नाक्यांवर ट्रकांच्या रांगा ज्यांनी पाहिल्यात, त्यांना पुढची गोष्ट सांगायचीही गरज नाही. कर कुणाचा हे ठरवणं सोपं असतं, रांग लागते ती तो कुठं थांबवून घ्यायचा यावर.

पूर्व आफ्रिकेत २०१३ पर्यंत काय होत होतं? कंपालाचा कंटेनर मोंबासाला उतरला की केनियाच्या कस्टम्समध्ये ट्रान्झिटचे कागद भरायचे. माल वाटेत केनियातच विकला जाऊ नये म्हणून शुल्काएवढ्या रकमेचा बाँड, म्हणजे हमीपत्र, द्यायचा. कंटेनरला सील लागायचं. मग ट्रक निघायचा. मोंबासा ते कंपाला अंतर साधारण ११५० ते १२०० किलोमीटर, म्हणजे मुंबईहून दिल्लीला जाण्यापेक्षा थोडं कमी. वाटेत वजनकाटे, पोलिसांच्या चौक्या. मलाबा या सीमेवरच्या गावी केनियाच्या बाजूला थांबून बाहेर पडल्याचा शिक्का घ्यायचा, शंभर-दोनशे पावलं पुढं जाऊन युगांडाच्या बाजूला पुन्हा थांबायचं, पुन्हा नवे कागद करून शुल्क ठरवून घ्यायचं. ते भरल्याशिवाय माल सुटायचा नाही. मोंबासा-कंपाला प्रवासाला तेव्हा सुमारे १८ दिवस लागायचे. ट्रक चालण्याचे दिवस त्यातले फार तर तीन, बाकी सगळी वाट पाहणी.

मालाचा धनी या काळात काय सोसतो, तेही बघा. पैसे अडकलेले, बाँडची फी चालू, जहाज कंपनीच्या कंटेनरचं रोजचं भाडं चढत जाणारं. ड्रायव्हर ट्रकखाली चूल मांडून बसलेला. गाळ्यावर गिऱ्हाईक येऊन परत गेलेलं.

२०१४ च्या सुमारास गटानं जो बदल केला त्याला ‘एकच सीमाशुल्क क्षेत्र’ म्हणतात. नाव रुक्ष असलं तरी कल्पना झकास आहे. युगांडाचे कस्टम्स अधिकारी चक्क मोंबासाला येऊन बसले. आता कंपालातला एजंट जहाज लागायच्या आधीच युगांडाच्या संगणक प्रणालीत नोंद करतो आणि शुल्क कंपालाच्या बँकेत भरतो. भरणा झाल्याचा निरोप मोंबासाला पोचतो, मग केनियाचे अधिकारी कंटेनर सोडतात. म्हणजे युगांडाची आर्थिक सीमा मलाबाहून उचलून थेट समुद्रकिनाऱ्यावर नेऊन ठेवली. जमिनीवरची हद्द जिथली तिथंच.

माझ्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. ती एक ओळ नसली, तर कंटेनर कुणाच्या टेबलावर जायचा तेच मोंबासाला कळत नाही. गट एक असला तरी तिजोऱ्या वेगळ्या आहेत.

जो माल शुल्क न भरता कंपालाच्या बाँडेड गोदामात जायचा असतो, किंवा काँगोच्या दिशेनं पुढं जायचा असतो, त्यावर अजून पहारा लागतोच. त्यासाठी २०१७ पासून इलेक्ट्रॉनिक सील आलं. कंटेनरच्या कडीला अडकवलेली ती पेटी ट्रक कुठं आहे ते सतत कळवत राहते, आणि ठरलेला रस्ता सोडला किंवा दार उघडलं तर नियंत्रण कक्षात घंटा वाजते. ‘ट्रान्झिट’ म्हणून निघालेला माल नैरोबीच्या बाजारात उतरवायचा हा जुना धंदा त्यानं थांबला नाही, पण अवघड झाला.

मलाबाला आणि तिथून जवळच्याच बुसियाला संयुक्त चौक्या झाल्या. युगांडात शिरणारा ट्रक आता केनियाच्या बाजूला थांबतच नाही, सरळ युगांडाच्या आवारात जातो. तिथं एकाच छपराखाली केनियाचा माणूस बाहेर जाण्याची नोंद करतो आणि त्याच्या शेजारचा युगांडाचा माणूस आत येण्याची. उलट दिशेच्या ट्रकांसाठी हेच केनियाच्या आवारात. ऐकायला किरकोळ वाटतं. पण एका देशाच्या अधिकाऱ्यानं दुसऱ्याच्या जमिनीवर बसून स्वतःचा कायदा चालवायचा, तर त्यासाठी वेगळा कायदा करावा लागतो. गटानं तो २०१६ साली केला. या सगळ्यांतून मोंबासा-कंपाला प्रवास १८ दिवसांवरून चारेक दिवसांवर आला.

चार दिवस हा चांगल्या दिवसांचा आकडा, हेही सांगायला हवं. २०२० मध्ये कोरोनामुळे प्रत्येक ड्रायव्हरची तपासणी सीमेवर सुरू झाली आणि मलाबाला रांग कित्येक किलोमीटर मागं गेली. कागदाचं सगळं काम मोंबासालाच संपलेलं होतं. अडकला होता तो माणूस.

समान दाराचं पुढं काय झालं? ते पूर्ण समान राहिलं नाही. गटाच्या नियमात एक फट आहे. एखादा देश अर्ज करून वर्षभरासाठी समाईक दर बाजूला ठेवू शकतो. दर जूनमध्ये अंदाजपत्रकांच्या हंगामात या सवलतींची लांबलचक यादी गटाच्या राजपत्रात येते. तांदळाचंच घ्या. समाईक दर ७५ टक्के, पण केनिया वर्षानुवर्षं ३५ टक्क्यांनी तांदूळ आणत आला, कारण तिथं पिकतो कमी आणि खाणारे जास्त. शेजारच्या टांझानियात मात्र भाताची शेती मोठी आहे, त्यांना ७५ टक्क्यांचं कुंपण हवंच. मग केनियात स्वस्तात उतरलेला तांदूळ टांझानियात झिरपू नये म्हणून पुन्हा पहारा आणि पुन्हा मूळ देशाचा दाखला. जे भोक बुजवायला सीमाशुल्क संघ काढला, तेच वेगळ्या नावानं परत. माझ्या मते या गटाची सगळ्यात मोठी कमजोरी हीच. यादीतला प्रत्येक अपवाद सीमेवर एक जादा माणूस बसवतो.

शुल्कच नसेल तिथं अडवायच्या इतर वाटा असतात. मार्च २०२१ मध्ये केनियानं मक्यातल्या बुरशीच्या विषाचं कारण देऊन युगांडा आणि टांझानियाचा मका अडवला. त्या विषाचा धोका खोटा नव्हता. पण सरसकट बंदी आणि खेपेगणिक तपासणी यांत फरक असतो, आणि काही दिवसांतच केनियाला अटी घालून मका सोडावा लागला. रवांडानं तर फेब्रुवारी २०१९ मध्ये युगांडाशी बिनसल्यावर गतुनाची मुख्य चौकीच ट्रकांना बंद केली. ती उघडली जानेवारी २०२२ च्या अखेरीस. दोन्ही देश या सबंध काळात त्याच गटाचे सभासद होते.

आता थोडं मागं जाऊ, कारण या गटाचा आराखडा मुत्सद्द्यांच्या आधी रेल्वेवाल्यांनी काढला. इंग्रजांनी १८९६ साली मोंबासाहून रूळ टाकायला सुरुवात केली आणि १९०१ मध्ये व्हिक्टोरिया सरोवराचा काठ गाठला. रुळांची रुंदी एक मीटर, आपल्याकडच्या जुन्या मीटर गेजसारखी. मजूरही इथलेच, तीस हजारांवर माणसं, बहुतेक पंजाबातली आणि कराचीहून जहाजात चढलेली. अडीच हजारांच्या आसपास तिथंच मेली. त्या भागात पुढं बरीच वर्षं चलन म्हणूनही रुपया चालला. रेल्वे सरोवराला पोचली तेव्हा तो काठ युगांडाच्या अमलाखाली होता. १९०२ मध्ये तो प्रांतच उचलून आजच्या केनियाला जोडला गेला, आणि अख्खी रेल्वे एकाच कारभाराखाली यावी हे त्यामागचं एक कारण होतं. सीमा पाहून रूळ टाकतात असं आपण समजतो, इथं रुळांसाठी सीमा सरकली.

१९१७ मध्ये केनिया-युगांडाचा सीमाशुल्क संघ झाला, टांगानिका, म्हणजे आजच्या टांझानियाची मुख्य भूमी, पुढं त्यात आलं. स्वातंत्र्यानंतर १९६७ ला तिघांनी पहिला पूर्व आफ्रिकी समुदाय काढला. रेल्वे, बंदरं, टपाल, विमानसेवा सगळं समाईक. १९७७ मध्ये तो मोडला. नैरोबीला कारखाने आणि फायदा जास्त मिळतो ही इतरांची तक्रार, युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याच्यासोबत एका टेबलावर बसायला टांझानियाचे अध्यक्ष न्येरेरे यांचा नकार, आणि समाईक महामंडळांच्या पैशांवरून भांडणं. टांझानियानं केनियाची सीमा बंद केली ती १९८३ पर्यंत. आजचा समुदाय १९९९ च्या करारानं झालेला दुसरा. यावेळी रेल्वे आणि विमानं समाईक केली नाहीत. शुल्क हंड्यात न टाकता ज्याचं त्याला देण्याची पद्धतही याच अनुभवाच्या पोटातून आली असावी, असं मला वाटतं.

एकाच दारावर विसंबून राहण्याची किंमत युगांडानं २००८ च्या जानेवारीत मोजली. केनियात निवडणुकीनंतर दंगली उसळल्या, नैरोबीच्या किबेरा वस्तीत जमावानं रूळ उखडले, रस्ते बंद पडले. कंपालात पेट्रोलची टंचाई होऊन दर भडकले. भांडण केनियाचं होतं, पण पंप युगांडातले कोरडे पडले. त्यानंतर युगांडा दुसरं दार किलकिलं ठेवायला लागला. ते दार म्हणजे टांझानिया. दार-एस-सलामचा रस्ता कंपालासाठी लांब पडतो, म्हणून रोजचा माल मोंबासावरूनच येतो. पण आपल्या खनिज तेलाची पाइपलाइन कुठून न्यायची हे ठरवायची वेळ २०१६ मध्ये आली, तेव्हा युगांडानं केनियाऐवजी टांझानियाचं टांगा बंदर निवडलं. लांबी १४४३ किलोमीटर. दुसरं दार असलं की पहिल्या दाराशी भाव करता येतो.

केनियानं चीनच्या कर्जातून रुंद रुळांची नवी रेल्वे काढली. २०१७ ला ती मोंबासाहून नैरोबीला पोचली, २०१९ ला थोडी पुढं नैवाशाच्या बाजूला, आणि तिथंच थबकली. तिथून मलाबापर्यंत तेच शंभरावर वर्षांचं मीटर गेज. रुंदी बदलली की डबा पुढं जात नाही, कंटेनर उचलून दुसऱ्या गाडीवर ठेवावा लागतो. त्यात जाणारा वेळ आणि पैसा धरला की बहुतेक व्यापारी म्हणतात, त्यापेक्षा ट्रक बरा.

आणि परतीचा हिशेब असतो, जो गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही. कंटेनर जहाज कंपनीचा, तो मोंबासाला रिकामा का होईना परत द्यावाच लागतो, तोवर अनामत अडकते. युगांडात येणारा माल भरपूर, बाहेर जाणारा त्या मानानं कमी, म्हणून बरेचसे कंटेनर हजारभर किलोमीटर हवा भरून परततात. ते भाडं जातानाच्या दरात चढवलेलं असतं, बादलीच्या किमतीत कंपालाच्या बाईच्या पदरी पडतं. कॉफीचा हंगाम असला की चित्र पालटतं. तेव्हा आमचा तिथला एजंट फोनवर विचारतो, तुमचा तो वीसफुटी कोरडा आहे ना, वास तर येत नाही ना आतून? कॉफीला प्लॅस्टिकचा वास लागला तर घेणारा खेप नाकारतो. आम्ही भिवंडीला गोदामात सांगून ठेवतो, भरायच्या आधी कंटेनर दिवसभर उघडा ठेवा.